सोलापूरकडून रेसिपीचं किंवा गावाकडचं यूट्यूब चॅनेल: पैशांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

सोलापूर, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट या भागातून नवीन चॅनेल काढणाऱ्यांचे प्रश्न येत असतात. त्यातले बहुतेक फिरून एकाच ठिकाणी येतात: पैसे कधी मिळणार? म्हणून इथं तेवढ्याच धाग्याला धरून उत्तरं दिली आहेत. कॅमेऱ्याचं, एडिटिंगचं जे येतं ते पैशाच्या गणिताशी संबंध असेल तेवढंच.

१. चॅनेल काढलं की पैसे कधीपासून सुरू होतात?

लगेच नाही, आणि एकदम पण नाही. मध्ये तीन टप्पे आहेत. पहिला पात्रतेचा: १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम. हे झालं की अर्ज करायचा, यूट्यूब चॅनेल तपासतं, त्याला साधारण महिनाभर धरा. दुसरा टप्पा पत्त्याचा: कमाई १० डॉलरला पोचली की घरच्या पत्त्यावर पोस्टानं पिन येतो. तिसरा टप्पा १०० डॉलरचा: खात्यावर तेवढे जमल्याशिवाय एक रुपयाही बँकेत येत नाही.

लोक पहिल्या टप्प्यालाच शेवट समजतात. मॉनेटायझेशन चालू झालं म्हणून घरात पेढे वाटतात आणि पुढं वर्षभर बँकेचं पासबुक कोरं राहतं. मग घरातली माणसं बोलायला लागतात. त्यामुळं तिन्ही टप्पे घरी आधीच सांगून ठेवा.

२. ४,००० तास म्हणजे नेमके किती व्ह्यू?

हे आपल्या व्हिडिओवर अवलंबून आहे, पण गणित सोपं आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. समजा मोहोळ तालुक्यातल्या एका काकूंनी कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे असे ८-९ मिनिटांचे व्हिडिओ टाकले आणि बघणारा सरासरी ४ मिनिटं थांबला. तर लागतात ६०,००० व्ह्यू. आठवड्याला एक व्हिडिओ म्हणजे वर्षाला ५२. प्रत्येकाला वर्षभरात साधारण साडेअकराशे व्ह्यू आले तरी काम भागतं. एकही व्हिडिओ व्हायरल व्हायची गरज नाही.

आता तोच बघणारा २ मिनिटांत निघून गेला, तर व्ह्यू लागतात १,२०,०००. म्हणजे व्ह्यूच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे तो यूट्यूब स्टुडिओमधला 'सरासरी पाहण्याचा कालावधी'. तिथंच प्रत्येक व्हिडिओचा आलेख दिसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात रेष धाडकन खाली आली असेल तर दोष सुरुवातीत आहे. "नमस्कार मंडळी, कसे आहात, चॅनेलवर नवीन असाल तर..." यात चाळीस सेकंद जातात आणि तेवढ्यात माणूस पुढच्या व्हिडिओवर. त्यापेक्षा कडक भाकरी मोडल्याचा कडकन आवाज पहिल्या तीन सेकंदांत ऐकवा, मग पिठाकडं या.

रेष मधेच एका जागी पडत असेल तर तिथं काय चाललंय ते बघा. बहुतेक वेळा तिथं एकच काम लांबलचक दाखवलेलं असतं, उदाहरणार्थ सगळ्या शेंगा भाजून होईपर्यंतची कढई.

३. तास पूर्ण होत आलेत आणि मधेच कमी झाले. असं कसं?

दोन कारणं असतात. पहिलं, हे तास मागच्या ३६५ दिवसांचे मोजतात. मागच्या जानेवारीत शेंगा पोळीचा व्हिडिओ संक्रांतीमुळं चांगला चालला असेल, तर या जानेवारीत ते तास हिशोबातून गळायला लागतात. नवे तेवढे आले नाहीत की एकूण आकडा उतरतो.

दुसरं कारण जास्त चटका लावणारं. चॅनेल जरा सुधारलं की लोकांना आपले सुरुवातीचे व्हिडिओ बघवत नाहीत, मग ते डिलीट करतात किंवा प्रायव्हेट करतात. त्यासरशी त्या व्हिडिओचे तासही जातात, कारण मोजले जातात ते फक्त सार्वजनिक व्हिडिओचे. अर्ज मंजूर होईपर्यंत जुन्या व्हिडिओला हात लावू नका. फार तर थंबनेल आणि शीर्षक बदला.

पैसे देऊन जाहिरात करून आणलेल्या व्ह्यूचे तास यात धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. "माझं सबस्क्राइब करा, मी तुमचं करतो" हे व्हॉट्सॲप ग्रुपवरचे व्यवहार तर यूट्यूबच्या नियमांतच बसत नाहीत. शिवाय ती माणसं व्हिडिओ बघत नाहीत, त्यामुळं सबस्क्रायबर हजार आणि तास दोनशे अशी अवस्था होते.

४. शॉर्ट्सवर लाखभर व्ह्यू येतात. मग मोठे व्हिडिओ कशाला करायचे?

शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे: ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू. लाखभर व्ह्यूचा शॉर्ट म्हणजे त्याचा शंभरावा भाग, आणि तोही तीन महिन्यांच्या आत.

पैशातही फरक आहे. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो. शॉर्ट्सच्या जाहिरातींचे पैसे आधी एकत्र जमा होतात आणि त्यातून चॅनेलच्या वाट्याला जे येतं त्याचे ४५ टक्के. हजार व्ह्यूमागं हातात पडणारी रक्कम शॉर्ट्सची फारच कमी असते. माझं मत: शॉर्ट वापरायचा तो मोठ्या व्हिडिओकडं माणूस आणायला. उखळात शेंगा कुटताना तेल सुटतं तो क्षण शॉर्टमध्ये घ्या आणि पूर्ण चटणीचा व्हिडिओ त्याला जोडा. स्टुडिओत 'संबंधित व्हिडिओ' अशी सोय आहे.

५. ५०० सबस्क्रायबरवरच मॉनेटायझेशन होतं असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि ३,००० तास (किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू) झाले की मेंबरशिप, सुपर थँक्स अशा सोयी मिळतात. जाहिरातींचे पैसे मात्र १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास (किंवा शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू) झाल्यावरच. रेसिपी बघणारी आपल्याकडची मंडळी सुपर थँक्स देतील या भरवशावर बसू नका. कमेंटमध्ये "मस्त ताई" लिहितात तेच खूप.

६. सगळं मंजूर झालं. आता महिन्याला किती येतील?

इथं आरपीएम नावाचा आकडा बघायचा. यूट्यूबचा वाटा कापून तुम्हाला हजार व्ह्यूमागं किती मिळाले, ते. तुमचा खरा आकडा मंजुरीनंतर स्टुडिओतच दिसेल. तोपर्यंत दुसऱ्याच्या चॅनेलचा, त्यातही इंग्रजी किंवा शेअर बाजाराच्या चॅनेलचा, आकडा धरून स्वप्नं रंगवू नका. जाहिरातदार भाषा, विषय आणि बघणारा कुठं बसलाय हे पाहून पैसे मोजतात.

मोहोळच्या त्याच काकूंचं गणित पुढं नेऊ. फक्त हिशोबापुरता आरपीएम ४० रुपये आणि डॉलर ८५ रुपये धरू. त्यांना ६०,००० व्ह्यू वर्षात मिळाले, म्हणजे महिन्याला ५,०००. पाच हजार व्ह्यूचे २०० रुपये. १०० डॉलर म्हणजे ८,५००. ते जमायला लागतात साधारण बेचाळीस-त्रेचाळीस महिने, म्हणजे साडेतीन वर्षं.

घाबरू नका, पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. पात्र होण्यापुरते व्ह्यू आणि पैसे मिळण्याइतके व्ह्यू यांच्यात एवढं अंतर आहे. काकूंचे व्ह्यू महिन्याला १०,००० झाले तर पहिली रक्कम यायला एकवीस महिने, २०,००० झाले तर साधारण अकरा महिने. म्हणजे पहिल्या व्हिडिओपासून पहिल्या पैशापर्यंत दोन-तीन वर्षं लागली तरी काही चुकलेलं नसतं.

आरपीएम वर्षभर सारखाही नसतो. दिवाळीच्या आधी जाहिराती वाढतात, जानेवारीत उतरतात. नेमक्या जानेवारीत मंजुरी मिळालेल्या माणसाला वाटतं आपलं नशीबच खोटं.

७. रेसिपी लवकर चालते की गावाकडचं जीवन?

पैसे हळू येणार हे मान्य असेल, तर जो व्हिडिओ तीन वर्षांनीही शोधला जाईल तो जास्त कामाचा. या हिशोबानं रेसिपीचं पारडं जड आहे. "सोलापुरी शेंगा चटणी", "ज्वारीची कडक भाकरी", "शेंगा पोळी फुटते काय करू" हे लोक वर्षानुवर्षं शोधणार. "आज आमच्या शेतात काय झालं" हे कुणी शोधत नाही. तो व्हिडिओ तुम्हाला ओळखणारा प्रेक्षक बघतो, आणि सुरुवातीला तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं.

पण नुसती रेसिपी दाखवणारी हजारो चॅनेल आहेत. मिक्सरमध्ये केलेली शेंगा चटणी पुण्यातलंही कुणी दाखवतं. तुमच्याकडं जे आहे ते म्हणजे उखळ, मुसळ, भाजलेल्या शेंगदाण्यात लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटणं, आणि किती कुटलं की थांबायचं हे हाताला कळणं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ती मालदांडी रानात कशी उभी असते, हुरड्याला कणीस कधी काढायचं, आगटीत कसं भाजायचं, हे गावातलाच माणूस दाखवू शकतो. तर गाव हे रेसिपीच्या आत घाला. भाकरीच्या व्हिडिओत दोन मिनिटं ज्वारीचं रान दिसलं तर दोन्ही कामं होतात.

हंगामाचे व्हिडिओ दोन-तीन आठवडे आधी टाका. शेंगा पोळी संक्रांतीच्या दिवशी टाकून उपयोग नाही, बायका त्याच्या आधीच शोधायला लागतात. हुरडा डिसेंबरच्या तोंडावर, उन्हाळी वाळवणं मार्चमध्ये.

शीर्षक मराठीत ठेवा आणि शेवटी लोक मोबाइलवर जसं टाइप करतात तसंही जोडा:

```
सोलापुरी शेंगा चटणी | उखळात कुटलेली | Solapuri Shenga Chutney
```

८. ८ मिनिटांच्या वरचा व्हिडिओ केला की जास्त पैसे मिळतात ना?

८ मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओच्या मधे जाहिराती घालता येतात, इथवर बरोबर आहे. म्हणून चार मिनिटांची चटणी ओढूनताणून साडेआठ मिनिटं केली, तर बघणारा दुसऱ्या मिनिटाला जातो आणि मधली जाहिरात त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वर प्रश्न २ मधले तासही बुडतात. कडक भाकरीला स्वतःहून वेळ लागतो: गरम पाण्यात पीठ मळणं, पातळ थापणं, तव्यावर भाजणं, मग मंद आचेवर पार कडक होईपर्यंत शेकणं. तो व्हिडिओ दहा मिनिटांचा झाला तरी चालतो. चटणीचा पाचचाच असू द्या.

९. सुरुवातीला किती खर्च करू?

जवळचा मोबाइल, एक स्टँड आणि कॉलरला लावायचा साधा माइक. यापुढं पहिली रक्कम बँकेत येईपर्यंत काही घेऊ नका. प्रश्न ६ मधलं गणित बघितलंत, तर हप्त्यावर घेतलेल्या कॅमेऱ्याचे हप्ते चॅनेल फेडणार नाही हे कळेल.

माइक मात्र घ्याच. चित्र जरा अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही की जातात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून स्वयंपाक करणं ही शिक्षा आहे, आणि पंखा चालू ठेवला तर आवाजात घरघर. त्या दोन महिन्यांत पहाटे शूट करा. दुपारच्या उन्हात मोबाइल तापून रेकॉर्डिंग बंद पडतं तेही टळेल.

१०. गड्ड्याच्या जत्रेचा व्हिडिओ टाकला, त्यावर कॉपीराइट आलं. व्हिडिओ तर माझा आहे!

चित्र तुमचं, मागं वाजणारं गाणं तुमचं नाही. सिद्धेश्वर यात्रेत पाळण्यांजवळ, स्टॉलवर सिनेमाची गाणी चालूच असतात. यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि गाण्याच्या मालकाचा दावा लागतो. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. बहुतेक वेळा एवढंच होतं की त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाकडं जातात. स्ट्राइक वेगळी आणि गंभीर. ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेलच जाऊ शकतं.

स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढाच तुकडा कापता येतो किंवा त्या भागातलं गाणं काढता येतं. त्याहून सोपं म्हणजे गाणं लांब असेल तिथं शूट करणं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली हलगी आणि लोकांचा जयघोष यांना सहसा अडचण येत नाही. रेसिपीखाली संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. मला विचाराल तर चुलीचा आणि उखळाचाच आवाज पुरे.

११. व्हिडिओत माझी मुलं असतात. 'मुलांसाठी' असं निवडायचं का?

व्हिडिओ मुलांनी बघावा म्हणून केला असेल तरच. आई भाकरी थापतेय आणि पोरगं शेजारी बसलंय, हा मोठ्यांसाठीचाच व्हिडिओ. चुकून 'मुलांसाठी' निवडलं तर कमेंट बंद होतात आणि प्रेक्षकाच्या आवडीनुसार दिसणाऱ्या जाहिराती थांबतात, म्हणजे कमाई उतरते. गावातल्या दुसऱ्यांच्या मुलांना मात्र आईबापांना विचारल्याशिवाय घेऊ नका, पैशाचा प्रश्न नसला तरी.

१२. चॅनेल मुलाच्या जीमेलवर काढलंय, बोलते मी. पैसे कुणाच्या नावावर येतील?

यूट्यूबची कमाई गूगलच्या ॲडसेन्स खात्यातून येते, ते ज्याच्या नावानं आहे त्याच्या. चॅनेलवर चेहरा कुणाचा याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलगा १८ वर्षांच्या खाली असेल तर त्याच्या स्वतःच्या नावानं ॲडसेन्स होत नाही. मोठा असेल तर पैसे त्याच्या नावावर, कर त्याच्या पॅनवर.

ताई, हा गुंता पैसे नसतानाच सोडवा. तुमच्या नावाचं जीमेल काढा, चॅनेलच्या परवानग्यांमधून मुलाला व्यवस्थापक म्हणून जोडा, आणि ॲडसेन्समध्ये नाव अगदी बँकेच्या खात्यावर आहे तसंच लिहा. माहेरचं नाव बँकेत आणि सासरचं पॅनवर असं असेल तर तेही आधी एकसारखं करून घ्या. एका माणसाच्या नावानं एकच ॲडसेन्स खातं चालतं. आधी ब्लॉगसाठी वगैरे काढलेलं असेल तर दुसरं काढू नका, तेच जोडा.

१३. पिनचं पत्र येतच नाही. काय करायचं?

पत्र साध्या टपालानं येतं, त्यामुळं ते "कुठं पोचलं" हे बघता येत नाही. तीन आठवडे थांबा, मग ॲडसेन्समधूनच नवीन पिन मागवा. त्याआधी पत्ता तपासा. आपल्या वस्त्यांवरच्या पत्त्याला घर क्रमांक नसतो. अशा वेळी वस्तीचं नाव, गाव, पोस्ट, तालुका आणि बरोबर पिनकोड लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत पडताळणी झाली नाही तर जाहिराती थांबतात. जुना आणि नवा दोन्ही आले तरी घाबरू नका, कोणताही एक चालतो.

काकूंच्या वेगानं, म्हणजे महिना २०० रुपयांनी, हे १० डॉलरच जमायला चार-पाच महिने लागतात. पिन आला नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींची कमाई अजून १० डॉलरला पोचलेलीच नसते. आधी ते बघा.

१४. बँक आणि कराचं काय?

पैसे परदेशातून येतात, म्हणून खातं अशा बँकेत हवं जिला स्विफ्ट कोड आहे. पतसंस्थेचं खातं चालणार नाही. सहकारी बँकेत असेल तर शाखेत जाऊन "परदेशातून रक्कम जमा होते का" एवढं विचारा. १०० डॉलर पूर्ण झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम सुटते.

ॲडसेन्समध्ये अमेरिकेच्या कराचा फॉर्म येतो. "मला काय अमेरिकेशी घेणं" म्हणून तो सोडू नका. भरला आणि त्यात पॅन दिला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर कर कापतात. नाही भरला तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, अगदी सगळे प्रेक्षक बार्शीचे असले तरी. इथल्या प्राप्तिकर विवरणात ही कमाई दाखवावी लागते. रक्कम छोटी असेपर्यंत गावातला कर सल्लागार पुरतो.

१५. जाहिरातीची वाट बघण्यापेक्षा चॅनेलवरून चटणी विकली तर?

खरं सांगायचं तर अनेकांच्या हातात पहिला पैसा इथूनच येतो. हजार व्ह्यूमागं ४० रुपये धरले होते. त्याच हजारातल्या दोघांनी पाव किलो चटणी मागवली तर हिशोब लगेच पुढं जातो. पण एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, ती ऑनलाइन होते. पाकिटावर त्यांचा १४ अंकी क्रमांक, घटक, वजन आणि तयार केल्याची तारीख लागते. शेंगदाण्याला खवट वास लवकर येतो, त्यामुळं मागणी आल्यावर कुटा, साठवून ठेवू नका. व्हिडिओत उखळ दाखवून पाकिटात मिक्सरची चटणी भरली की दुसऱ्या ऑर्डरला ते कळतंच.

१६. सुगीत किंवा घरच्या अडचणीत दोन-चार महिने व्हिडिओ टाकले नाहीत तर चॅनेल बंद पडतं का?

बंद पडत नाही. जुने व्हिडिओ शोधात चालूच राहतात, आणि रेसिपीच्या चॅनेलला याचाच आधार असतो (प्रश्न ७). जमलेले डॉलरही कुठं जात नाहीत, पुढच्या महिन्यात धरले जातात. मंजुरी मिळालेल्या चॅनेलनं सहा महिने किंवा जास्त काळ काहीच टाकलं नाही तर मात्र यूट्यूब मॉनेटायझेशन काढू शकतं. मंजुरी अजून मिळायची असेल तर प्रश्न ३ मधले गळणारे तास आहेतच. ज्वारीची काढणी चालू असेल तर निवांत रेसिपी करायला कोण बसणार, पण खळ्यावर दोन मिनिटं मोबाइल उभा करता येतो. महिन्याला तेवढा एक व्हिडिओ टाकला तरी सहा महिन्यांचा नियम आड येत नाही.